पावती न देणारा मालक

भाड्याच्या पावतीचा विषय काढला की बहुतेक घरमालकांचे उत्तर ठरलेले असते. "त्यांनी मागितली तर देऊ की, नाही कोण म्हणतंय?" पावती ही भाडेकरूची गरज आहे आणि ती देणे हा आपला मोठेपणा आहे, असा समज त्यामागे असतो. काहींच्या मनात प्राप्तिकराचाही विचार असतो, पण तो कोणी बोलून दाखवत नाही. प्रत्यक्षात रोख भाड्यावरून वाद पेटतो तेव्हा पावती नसल्याचा मोठा फटका बऱ्याचदा मालकालाच बसतो. तो कसा, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण त्यातला प्रत्येक तिढा वकिलांकडे नेहमी येणारा आहे.

पुण्याच्या उपनगरात रस्त्याला लागून एक घर आहे आणि त्याच्या तळमजल्यावर एक गाळा. मालक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गाळ्यात एका तरुणाचे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे दुकान. २०१९ मध्ये शंभराच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार झाला. तो नोटरी केला, पण त्याची नोंदणी केली नाही. भाडे महिना ९,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,०००. अकरा महिने सरले, नवा कागद झाला नाही. पोरगा सरळ होता, अण्णाही भले, त्यामुळे व्यवहार तोंडी चालू राहिला.

भाडे रोख यायचे, तेही एकरकमी नाही. शाळा सुरू होताना धंदा असला की दोन महिन्यांचे एकदम, एरवी आज पाच हजार, आठवड्याने चार. "काका, हे ठेवा, उरलेले शनिवारी देतो." अण्णा पैसे मोजायचे आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहायचे, ५००० किंवा ४०००. कोणाचे, कशाचे, कोणत्या महिन्याचे, हे लिहायची गरज त्यांना कधी वाटली नाही. त्याच चौकोनांत दूधवाल्याचे खाडे आणि गॅस सिलिंडर आल्याची तारीखही असायची.

मार्च २०२४ अखेर अण्णांनी वर्षाचा हिशेब केला आणि तरुणाला सांगितले, तुझ्याकडे ५४,००० बाकी आहे. तरुण म्हणाला, काका, माझ्या हिशेबाने १८,००० आहे. दोघांनाही वाटले की समोरचा खोटे बोलतो आहे.

आता ३६,००० रुपयांची ही तफावत उलगडून पाहू. मार्च २०२३ पर्यंतचा हिशेब चुकता आहे, एवढे दोघांना मान्य होते. अण्णांचे म्हणणे असे की जून २०२३ पासून भाडे दहा हजार ठरले होते. म्हणजे एप्रिल आणि मेचे १८,००० आणि पुढच्या दहा महिन्यांचे एक लाख, एकूण १,१८,०००. कॅलेंडरवर जमा ६४,०००, म्हणून बाकी ५४,०००. तरुणाचे म्हणणे असे की वाढीचा विषय निघाला होता, पण त्याने "बघू काका, पावसाळ्यानंतर" म्हटले होते, होकार दिला नव्हता. म्हणून बारा महिन्यांचे नऊ हजारांनी १,०८,०००, आणि त्याने दिलेले ९०,०००.

तफावतीतले दहा हजार असे दराचे निघाले. उरले २६,०००. त्यातले १२,००० दिवाळीच्या सुमारास अण्णा मुलीकडे नागपूरला गेले असताना त्यांच्या मुलाच्या हातात दिले होते. राहिलेल्या १४,००० मध्ये गाळ्याचे शटर आणि वायरिंग दुरुस्त केल्याचा खर्च होता. शटर अडकले तेव्हा अण्णा म्हणाले होते, "तू करून घे, मग बघू." तरुणाने त्याचा अर्थ भाड्यातून वळते होईल असा घेतला. अण्णांच्या मनात त्याचा अर्थ फक्त "मग बघू" एवढाच होता.

म्हणजे नोटा दिल्या की नाही यावर या वादात जवळजवळ मतभेदच नाहीत. दिलेली रक्कम कशापोटी होती, कोणाच्या हातात दिली आणि दर काय होता, हा सगळा वाद आहे. रोख भाड्याचे बहुतेक वाद असेच असतात. साफ खोटे बोलणारा भाडेकरू किंवा मालक अधूनमधून भेटतो, पण रोजच्या तक्रारींत दोन प्रामाणिक माणसांच्या दोन आठवणीच जास्त असतात. पावती नोटांचा आकडा तर सांगतेच, पण तिचे खरे काम या तीन प्रश्नांची उत्तरे त्या दिवशीच लिहून ठेवण्याचे असते.

अण्णा चिडले आणि त्यांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यांचा भरवसा एका साध्या गोष्टीवर होता. पैसे दिले असे जो म्हणतो, त्याने ते सिद्ध करावे. कायद्याचे तत्त्व तसे आहेही. पण त्यांच्या वकिलाने त्यांना थांबवून तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या प्रत्येक मालकाने ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम २६ ची. जागेपोटी मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती ती रक्कम मिळते त्या वेळीच देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने मागितली का, हा प्रश्नच नाही. पावती न देणे हा गुन्हा असून कसुरीच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाची रक्कम कोणाला भीती घालणारी नाही. अडचण वेगळीच होते. भाडेकरू न्यायालयात म्हणतो, "साहेब, पावत्या कुठून दाखवू? यांनी कधी दिल्याच नाहीत." आणि मालकाला ते कबूल करावे लागते. दिवाणी दाव्यात कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते यावर निकाल झुकतो. पुरावा नसण्याचे कारणच मालकाची कसूर असेल, तर "सिद्ध करून दाखव" हे मालकाचे हत्यार बोथट होते.

दुसरी गोष्ट कराराची. त्याच कायद्याचे कलम ५५ सांगते की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोडून काढायचे काम मालकाचे. दराचा वाद याच कलमात अडकतो. दहा हजार ठरले होते असे अण्णा म्हणतात, पण त्यांच्याकडे ना नवा करार, ना दहा हजार लिहिलेली एखादी पावती. कॅलेंडरवर तर पाच आणि चार हजारांचे आकडे. ते बेरीज करून नऊच होतात.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतल्या नोंदी पुरावा म्हणून चालतात, पण केवळ त्या नोंदींवर दुसऱ्यावर देणे लादता येत नाही, असे पुराव्याचा कायदा म्हणतो. स्वयंपाकघरातले कॅलेंडर नियमित वही ठरेल का, इथूनच उलटतपासणी सुरू होईल. शिवाय त्यात नसलेली एक जरी रक्कम दिली गेल्याचे सिद्ध झाले, उदाहरणार्थ मुलाला दिलेले बारा हजार, तर इतर नोंदींचाही भरवसा जातो. आणि भाड्याचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवले होते का, हा प्रश्न समोरचा वकील विचारणार नाही, असे कोणी समजू नये.

थकबाकीसाठी जागा रिकामी करून घेणेही वाटते तितके सोपे नाही. कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी केल्यावर नव्वद दिवस थांबावे लागते, त्यानंतरच दावा. दावा केला आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने देय भाडे दरसाल पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरले, पुढेही भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. अठरा हजारांवर वर्षाचे व्याज होते २,७००. तेवढे भरून तरुण गाळ्यात राहू शकला असता, आणि उरलेल्या ३६,००० साठी अण्णा लघुवाद न्यायालयात तारखांना जात राहिले असते.

वकिलाने मग दावा बाजूला ठेवून दोघांना समोरासमोर बसवले. पावत्या नसताना हाच मार्ग आधी करून पाहावा. प्रत्येकाने घरून आपली तारीखवार यादी लिहून आणायची: कोणत्या दिवशी, किती, कोणाच्या हातात, कशापोटी. यादी आधी एकमेकांना दाखवायची नाही. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की जुळणाऱ्या ओळींवर खूण करायची, न जुळणाऱ्या तेवढ्याच बोलायला घ्यायच्या. इथे कॅलेंडरवरचे ६४,००० तरुणाच्या यादीशी तंतोतंत जुळले. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "हो, दिले होते की. मी ते गाडीच्या हप्त्याला भरले, बाबांना सांगायचं राहिलं." त्याच्या बँक पासबुकात त्याच आठवड्यात बारा हजार रोख भरल्याची नोंद सापडली. रोखीचे माग असे कडेकडेने सापडतात. घेणाऱ्याने त्याच दिवशी बँकेत भरणा केला असेल, देणाऱ्याने एटीएममधून काढले असतील, फोनवर "पैसे ठेवलेत बघा" असा मेसेज असेल.

दुरुस्तीच्या चौदा हजारांपैकी शटरवाल्याचे ८,५०० रुपयांचे बिल तरुणाने दाखवले. वायरिंगचे बिल नव्हते आणि त्यातले निम्मे काम त्याच्याच झेरॉक्स मशीनच्या जादा पॉइंटचे होते, म्हणून त्याने ते सोडले. अण्णांनी मागच्या वर्षीच्या वाढीचा हट्ट सोडला, तरुणाने एप्रिल २०२४ पासून दहा हजार कबूल केले. हिशेब झाला तो असा: १,०८,००० मधून ६४,०००, मग १२,०००, मग ८,५०० वजा केले, बाकी २३,५००. ती त्याने दोन हप्त्यांत बँकेतून द्यायची ठरली. दोघेही थोडे हरले. दाव्यात याहून जास्त हरले असते.

या बैठकीचा कागद मात्र नीट करावा. "३१ मार्च २०२४ अखेर भाड्याची बाकी रुपये २३,५००, डिपॉझिट रुपये ५०,००० स्वतंत्र जमा आहे व ते भाड्यात वळते केलेले नाही, १ एप्रिल २०२४ पासून भाडे दरमहा रुपये १०,०००" एवढा मजकूर आणि खाली दोघांच्या तारखेसह सह्या. बाकी लेखी मान्य केल्याचा मालकाला आणखी एक फायदा होतो. थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा ते देय झाल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली, तर तिथून नवी तीन वर्षे मोजली जातात. जुने भाडे "जाऊ दे, देईल कधीतरी" म्हणत बसलेल्या मालकांचे महिने एकेक करून मुदतीबाहेर जात असतात. ही कबुली झाली तरी नव्या दराचा आणि अटींचा करार नोंदवून घ्यायचाच. घरच्या कागदाने कलम ५५ ची पूर्तता होत नाही.

आता यापुढचे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे, स्थळप्रत असलेले छापील पावतीपुस्तक घ्यावे. अनुक्रमांक छापलेला असावा, म्हणजे मधली पावती मागाहून घातली असे कोणी म्हणू शकत नाही. अण्णांच्या नव्या पुस्तकातली एक पावती अशी आहे:

"पावती क्र. ७, दि. ९ ऑगस्ट २०२४. गाळा क्र. १ च्या जुलै २०२४ च्या भाड्यापोटी अंशतः रुपये ६,००० (अक्षरी सहा हजार फक्त) रोख मिळाले. पैसे दुकानातील कामगाराने आणून दिले. जुलैच्या भाड्यापैकी बाकी रुपये ४,०००."

यातला प्रत्येक शब्द काम करतो. "जुलै २०२४ च्या भाड्यापोटी" हे नसले तर काय होते? करार कायद्यात याचा नियम आहे. रक्कम कोणत्या देण्यापोटी आहे हे देणाऱ्याने सांगितले आणि घेणाऱ्याने ती घेतली, तर त्याच देण्यात ती जमा धरावी लागते. त्याने सांगितले नाही तर घेणारा ठरवू शकतो. कोणीच ठरवले नाही, तर सगळ्यात जुन्या देण्यापासून ती वळती होत जाते. पावतीवर महिना लिहिला की हा खल संपतो. "अंशतः" आणि "बाकी" हे शब्द मालकाचे रक्षण करतात. नुसते "जुलैचे भाडे मिळाले" असे लिहून सही केली, तर चार हजारांवर पाणी सोडल्यासारखेच. "आजअखेर सर्व भाडे मिळाले" हे वाक्य तर हिशेब खरोखर चुकता असल्याशिवाय कधीच लिहू नये.

पाच हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख घेतली की पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून, निम्मी सही तिकिटावर आणि निम्मी कागदावर येईल अशी करावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, जे जवळजवळ कोणी करत नाही: स्थळप्रतीवर भाडेकरूची सही घ्यावी. मालकाची सही असलेला भाग भाडेकरूकडे जातो, तो त्याचा पुरावा. भाडेकरूची सही असलेली स्थळप्रत मालकाकडे राहते. त्याने किती दिले, कोणत्या महिन्याचे दिले आणि किती बाकी मान्य केली, हे सगळे तीवर असते. सही नसलेली स्थळप्रत म्हणजे मालकाने स्वतःच लिहिलेले दुसरे कॅलेंडर. पैसे नोकराने आणले असतील तर त्याची सही, नावासह.

मालक घरी नसताना कोणी पैसे घ्यायचे, हे आधीच ठरवून भाडेकरूला कळवावे. पत्नी किंवा मुलगा घेणार असेल तर पुस्तक त्यांच्या हाताशी हवे. पुस्तक नसेल तर त्याच संध्याकाळी मेसेज करावा: "आज रोख ६,००० रुपये तुमच्याकडून मिळाले, जुलैच्या भाड्यापोटी, बाकी ४,०००." समोरून "हो काका" आले की पुष्कळ झाले. असे मेसेज न्यायालयात चालतात, पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ नुसार सोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोनमधला संवाद शाबूत हवा. फोन बदलताना जागा मोकळी करायला म्हणून चॅट पुसून टाकणारे मालक नंतर कपाळाला हात लावतात.

यूपीआयने भाडे घेतले की पावतीची गरज संपली असेही नाही. बँकेच्या नोंदीत आकडा आणि तारीख असते, महिना नसतो. भाडेकरूला शेरा लिहायची सवय लावावी, आणि महिन्याच्या शेवटी एक पावती फाडावीच. दुरुस्तीचे वळते करायचे असेल तर ती रक्कम दुरुस्तीआधी ठरवून लिहून ठेवावी आणि बिलासह त्या महिन्याच्या पावतीवर वेगळी दाखवावी: "रोख १,५००, दुरुस्तीपोटी वळते ८,५००".

घर भाड्याने देणाऱ्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. नोकरदार भाडेकरू फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि म्हणतो, "ऑफिसला एचआरएसाठी बारा पावत्या द्यायच्यात, काका, सह्या करून द्या ना." काका एका बैठकीत बारा पावत्यांवर सह्या करतात. त्या वर्षातले तीन महिने थकलेले असतात. पुढे वाद झाला की त्याच बारा पावत्या, मालकाच्या सहीनिशी, पूर्ण भाडे मिळाल्याचा पुरावा म्हणून समोर येतात. मिळालेल्या महिन्यांच्याच पावत्या द्याव्यात, आणि त्या बारीक तपासून. दरमहा पावती देणाऱ्या मालकावर ही वेळ येतच नाही, त्याच्या भाडेकरूकडे त्या आधीच असतात.

वाद सुरू झाल्यावर, विशेषतः जागा सोडण्याची नोटीस दिल्यानंतर, भाडेकरू पैसे घेऊन आला तर काय करावे? नोटिशीनंतर भाडे स्वीकारले म्हणजे नोटीस सोडून दिली, असा बचाव घेतला जातो. पैसे नाकारले तर "मी द्यायला तयार होतो, यांनीच घेतले नाहीत" असे म्हणायला तो मोकळा. म्हणून पैसे घ्यावेत, शक्यतो बँकेतून घ्यावेत, आणि पावतीवर "नोटिशीतील हक्कांना बाधा न येता स्वीकारले" असे स्पष्ट लिहावे. भाडेकरूने पावती घ्यायला किंवा स्थळप्रतीवर सही करायला नकार दिला, तर त्याच मजकुराचे पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवावे आणि पोचपावती स्थळप्रतीला टाचून ठेवावी. जागा रिकामी होताना शेवटची पावती वेगळी करावी, तीत भाड्याची बाकी, वीजबिल, डिपॉझिटमधून काय कापले आणि किती परत दिले, हे ओळीने लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भरलेली पावतीपुस्तके त्यानंतरही निदान तीन वर्षे, आणि दावा चालू असेल तर तो निकाली निघेपर्यंत, जपून ठेवावीत.